फ्रीज फ्रेमवरील ऑफ स्टंपची रेषा आणि फलंदाजाचे ‘पडणारे’ डोके

नेटमागचा

आमच्या गटातील एक चौदा वर्षांचा उजव्या हाताचा फलंदाज मधल्या आणि लेग स्टंपवर येणाऱ्या चेंडूंवर वरचेवर पायचीत होतो. त्याच्या फलंदाजीचा विश्लेषणाचा व्हिडिओ मी तयार केला असून त्यावर जाणकारांचे मत हवे आहे. चित्रण सेकंदाला २४० फ्रेमने केले आहे. कॅमेरा गोलंदाजाच्या यष्ट्यांमागे सुमारे दोन मीटरवर आहे, मात्र तेथे मधोमध उभा करण्यास जागा नसल्याने तो नेटच्या खांबाला, म्हणजे मधल्या स्टंपच्या रेषेपासून साधारण दीड मीटर लेगच्या बाजूला बांधला होता.

बॅटचा चेंडूशी संपर्क होतो त्या फ्रेमवर चित्र थांबवून मी ऑफ स्टंपच्या बुंध्यापासून वर एक पिवळी उभी रेषा ओढली आणि फलंदाजाच्या नाकापासून खाली पुढच्या पायापर्यंत एक लाल रेषा ओढली. यष्ट्यांची एकूण रुंदी २२.८६ सेंटीमीटर असते, ते माप धरून मोजले असता त्याचे डोके ऑफ स्टंपच्या बाहेर सुमारे १८ सेंटीमीटर दिसते. डोके इतके बाहेर गेल्यावर बॅट पुढच्या पॅडला वळसा घालून आणावी लागणार आणि चेंडू आधी पॅडवर लागणार, असा माझा तर्क आहे. त्याचा गार्ड मधल्या स्टंपवरून लेग स्टंपवर न्यावा, की त्याचा स्टान्सच थोडा उघडा करावा, याबाबत मार्गदर्शन करावे.

कव्हरड्राइव्ह७

व्हिडिओ पाहिला. निदान योग्य वाटते, परंतु संपर्काच्या फ्रेममध्ये बॅट पुसट दिसत आहे आणि तिचे पाते मध्येच वाकलेले आहे, त्यामुळे त्या फ्रेमवरून काहीही मोजणे धोक्याचे आहे. याचे कारण फ्रेमची संख्या अपुरी असणे हे आहे. चेंडूचा वेग ताशी १०० किलोमीटर धरला, तर सेकंदाला ३० फ्रेमच्या चित्रणात दोन फ्रेमच्या दरम्यान तो ९० सेंटीमीटरहून अधिक पुढे सरकतो आणि २४० फ्रेममध्येही साधारण १२ सेंटीमीटर सरकतो. संपादनाच्या ॲपमध्ये व्हिडिओ आणखी आठपट संथ केला की मधल्या फ्रेम मिळतील आणि नेमका संपर्काचा क्षण हाती लागेल. पाते वाकलेले दिसते त्याचे कारण बहुधा बॅटची मूठ लवचीक आहे.

डावखुरा

माझीही हीच तक्रार आहे, फक्त मी डावखुरा आहे आणि वय चाळिशीच्या पुढे आहे. उजव्या हाताच्या गोलंदाजाने राउंड द विकेट येऊन चेंडू आत आणला की माझा पाय आडवा जातो. आमच्या संघातील यष्टिरक्षकाने मला लेग स्टंपवर गार्ड घेण्यास सांगितले. त्यानंतर पायचीत होणे कमी झाले, पण ऑफ स्टंपच्या बाहेरचे चेंडू शरीरापासून दूर बॅट नेऊन खेळू लागलो आणि स्लिपमध्ये झेल जाऊ लागले. धागाकर्त्याने रेषा कोणत्या ॲपमध्ये ओढल्या आहेत, तेही कृपया सांगावे.

तिसरी_स्लिप

गार्ड बदलण्याचा निर्णय तूर्त थांबवावा, अशी विनंती आहे. मोजलेल्या १८ सेंटीमीटरपैकी बहुतेक अंतर फलंदाजाने नव्हे, तर कॅमेऱ्याच्या जागेने निर्माण केलेले आहे.

पिवळी रेषा ऑफ स्टंपच्या बुंध्यापासून वर गेली आहे, म्हणजे ती यष्ट्यांच्या प्रतलात खरी आहे. फलंदाजाचे डोके मात्र त्या प्रतलात नाही. पॉपिंग क्रीज यष्ट्यांच्या पुढे १.२२ मीटर असते आणि हा मुलगा पुढे पाय टाकून खेळत असल्याने संपर्काच्या वेळी त्याचे डोके यष्ट्यांपासून निदान १.८ मीटर पुढे असणार. कॅमेरा अगदी सरळ रेषेत असता तर या पुढेमागे असण्याने फारसे बिघडले नसते. येथे तो लेगच्या बाजूला दीड मीटर आहे, म्हणजे ऑफ स्टंपपासून मोजल्यास आडवे अंतर सुमारे १.६ मीटर होते, आणि फलंदाजाच्या यष्ट्यांपासून कॅमेरा साधारण २२ मीटर दूर आहे. कॅमेऱ्यापासून डोक्यापर्यंतचे अंतर २०.२ मीटर उरते. आता १.६ ला १.८ ने गुणून २०.२ ने भागावे. उत्तर सुमारे ०.१४ मीटर येते. याचा अर्थ असा की, एखाद्या फलंदाजाचे डोके ऑफ स्टंपच्या अगदी रेषेत असले, तरी या जागेवरून ते पिवळ्या रेषेच्या बाहेर १४ सेंटीमीटर दिसणार. उरलेले तीन-चार सेंटीमीटर खरे मानता येतील, आणि तेही कॅमेरा कलता नसेल तर. कॅमेरा दोन अंशांनी जरी कलला असेल, तर पडद्याच्या कडेला समांतर ओढलेली रेषा डोक्याच्या उंचीवर पाच सेंटीमीटरने चुकते. यष्ट्या स्वतः ताठ उभ्या आहेत याची खात्री असल्यास रेषा पडद्याच्या कडेला नव्हे, तर स्टंपला समांतर ओढावी.

याच चुकीचा दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. स्टान्समध्ये डोके यष्ट्यांपासून १.२ मीटरवर असेल आणि संपर्काच्या वेळी १.८ मीटरवर असेल, तर ते नाकासमोर सरळ पुढे आले तरी या व्हिडिओत ते ऑफच्या दिशेने सुमारे पाच सेंटीमीटर सरकल्यासारखे दिसेल. संथ गतीत ही सरक फार ठळक वाटते आणि पाहणारा ‘डोके पडते आहे’ असे म्हणून मोकळा होतो. कॅमेरा ऑफच्या बाजूला बांधला असता तर हाच मुलगा लेगकडे झुकतो असे निदान झाले असते.

कव्हरड्राइव्ह७ यांनी फ्रेमच्या संख्येबाबत दिलेला हिशोब बरोबर आहे, परंतु पुसटपणाचे कारण वेगळे आहे. प्रत्येक फ्रेम किती वेळ उघडी राहते, म्हणजे शटरचा वेग किती आहे, यावर तो अवलंबून असतो. बॅटचे टोक सेकंदाला २० मीटर वेगाने फिरत असेल आणि शटर सेकंदाचा २५० वा भाग उघडे असेल, तर त्या एका फ्रेममध्येच टोक आठ सेंटीमीटर सरकते. बॅटची कमाल रुंदी १०.८ सेंटीमीटर असते, हे लक्षात घेतले की या पुसटपणाचे प्रमाण कळेल. शटर १/१००० वर ठेवल्यास तोच पट्टा दोन सेंटीमीटरवर येतो, मात्र त्यासाठी भरपूर उजेड लागतो. वाकलेले पाते हा मुठीचा दोष नाही. मोबाइलचा कॅमेरा फ्रेम एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो आणि तेवढ्या अवधीत बॅट पुढे गेलेली असते. त्याच फ्रेममधील यष्ट्या आणि नेटचे खांब सरळ आहेत, ते पाहावे.

व्हिडिओ आणखी आठपट संथ करण्याचा सल्ला मात्र कृपया कोणी अमलात आणू नये. टिपल्याच न गेलेल्या फ्रेम ॲप शेजारच्या दोन फ्रेमवरून कल्पनेने तयार करते. अशा फ्रेममध्ये चेंडूला सावलीसारखी दुसरी कडा दिसते आणि बॅटची कड मेण वितळल्यासारखी होते. त्या फ्रेमवर कोन मोजणे म्हणजे घडलेच नाही त्याचे मोजमाप घेणे होय.

कव्हरड्राइव्ह७

शटरचा मुद्दा मान्य आहे. तरीही एक शंका उरते. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणात समालोचक याच पद्धतीने रेषा ओढतात, मग त्यांचेही सर्व चुकीचे समजावे काय? शिवाय स्टीव्ह स्मिथ तर चेंडू पडण्यापूर्वीच ऑफ स्टंपपर्यंत सरकतो आणि कसोटीत त्याची सरासरी पन्नासच्या वर आहे. डोके बाहेर जाणे हा मुळात दोष आहे का?

तिसरी_स्लिप

प्रक्षेपणाचा मुख्य कॅमेरा गोलंदाजाच्या मागे, खूप दूर आणि उंचावर असतो, त्यामुळे तेथे ही चूक पुष्कळ लहान होते. तरीही तो कॅमेरा खेळपट्टीच्या रेषेपासून थोडा बाजूला असेल, तर नुसत्या डोळ्यांनी पायचीतचा अंदाज बांधणारे फसतात, हे आपण घरबसल्या अनेकदा अनुभवतो.

स्मिथच्या उदाहरणाने माझा मुद्दा बळकटच होतो. तो सरकतो, पण चेंडू येईपर्यंत त्याचे डोके स्थिर झालेले असते आणि पायांवर येणारा चेंडू तो लेगला सहज वळवतो. म्हणजे डोके कोठे आहे हा प्रश्न अपुरा आहे. चेंडूची रेषा कोणती होती आणि त्या वेळी डोके अजून हलत होते का, हे दोन्ही पाहावे लागते. ऑफ स्टंपवरील चेंडूला डोके ऑफ स्टंपवर असेल तर त्याला कोणी पडणे म्हणणार नाही. तेच डोके लेग स्टंपच्या चेंडूलाही तेथेच असेल, तर विचार करावा लागेल.

डावखुरा यांना: त्यांच्या बाबतीत गार्ड बदलल्याने दोष नाहीसा न होता त्याची जागा बदलली असावी, असे वर्णनावरून वाटते. पाय पूर्वीइतकाच आडवा जात असेल, फक्त आता तो लेग स्टंपवरून निघत असेल.

गुणलेखिका

मी प्रशिक्षक नाही, पण माझी मुलगी खेळते आणि तिचे चित्रण मीच करते. बाजूने घेतलेल्या चित्रणातही हीच अडचण येते का? आमचे प्रशिक्षक बाजूच्या फ्रीज फ्रेमवर पुढच्या गुडघ्यातून उभी रेषा ओढतात आणि डोके त्या रेषेच्या मागे असेल तर ‘वजन मागे राहिले’ असे सांगतात. मी मात्र कॅमेरा बहुतेक वेळा स्क्वेअर लेगच्या पंचाच्या थोडा मागे, नेटच्या दारापाशी लावते, कारण तिपाई तेथेच उभी राहू शकते.

तिसरी_स्लिप

होय, तेथेही येते, फक्त दिशा बदलते. बाजूचा कॅमेरा पॉपिंग क्रीजच्या सरळ रेषेत असावा. तुमच्या चित्रणात क्रीजची रेषा पडद्यावर अगदी उभी दिसत असेल तर जागा बरोबर आहे. ती तिरकी दिसत असेल तर तेवढ्या प्रमाणात कॅमेरा सरकलेला आहे. लेगच्या बाजूने, यष्ट्यांच्या मागच्या अंगाने पाहिल्यास कॅमेऱ्यापासून दूरच्या वस्तू मागे राहिल्यासारख्या आणि जवळच्या वस्तू पुढे गेल्यासारख्या दिसतात. कव्हर ड्राइव्ह खेळताना पुढचा पाय ऑफकडे, म्हणजे तुमच्यापासून दूर जातो. डोके त्या पायाच्या किंचित अलीकडे, लेगच्या अंगाला राहिले, तर ते प्रत्यक्षाहून पुढे असल्यासारखे भासणार. अंतर थोडे असल्याने ही चूक लहान असते. त्यामुळे डोके रेषेच्या मागे दिसत असेल तर प्रशिक्षकांचे म्हणणे खरे धरावे, ते रेषेवर किंवा दोन बोटे पुढे दिसत असेल तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणि शक्य तितका दूर नेऊन झूम करावा. जवळून रुंद भिंगाने घेतलेल्या चित्रात कडेच्या सरळ रेषाही वाकतात.

सरळबॅट

अनेक वर्षे मुलांना शिकवत आहे आणि या रेषांविषयी मला मुळातच शंका आहे. डॉन ब्रॅडमन यांची बॅट मागे जाताना सरळ यष्ट्यांवर न जाता स्लिपच्या दिशेने जात असे. आजच्या पद्धतीने त्या फ्रेमवर कोणी लाल रेषा ओढली असती, तर त्यांना पहिल्याच आठवड्यात ‘सुधारले’ गेले असते. मुलाला थांबवलेले चित्र दाखवले की तो पुढील चेंडूला त्या चित्रासारखे दिसण्याचा प्रयत्न करतो आणि चेंडू पाहणे सोडून देतो. फलंदाज पडतो आहे की नाही, हे ओळखण्यास मला रेषा लागत नाही. चेंडू खेळून झाल्यावर तो जागच्या जागी दोन क्षण उभा राहू शकतो का, एवढे मी पाहतो. डोके खरोखर पडत असेल तर फटक्यानंतर त्याचे एक पाऊल ऑफकडे पडतेच, आणि ते नेहमीच्या गतीत अधिक स्पष्ट दिसते.

तिसरी_स्लिप

फटक्यानंतरच्या पावलाची खूण उत्तम आहे आणि ती कॅमेऱ्याच्या जागेवर अवलंबून नाही. मुलाला रेषा दाखवाव्यात की नाही याबाबत मात्र माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. एक फ्रेम आणि एक रेषा दाखवल्याने नुकसान होते असे मला आढळलेले नाही. एकाच फ्रेमवर पाच रंगांच्या रेषा आणि तीन कोन दाखवले जातात, तेव्हा आपले म्हणणे खरे ठरते.

धागाकर्त्याने पुन्हा चित्रण करताना पुढीलप्रमाणे करून पाहावे. दोन्हीकडच्या ऑफ स्टंपच्या रेषेत जमिनीवर दोरी ताणावी आणि यष्ट्यांपासून पुढे दोन मीटरपर्यंत फक्कीची बारीक रेघ मारून दोरी काढून घ्यावी. कॅमेरा उंच तिपाईवर, शक्यतो डोक्याच्या वर, अशा जागी न्यावा की गोलंदाजाकडील मधला स्टंप फलंदाजाकडील मधल्या स्टंपच्या बरोबर खाली दिसेल. जागा साधली असेल तर फक्कीची रेघ पडद्यावर जवळपास उभी दिसते. थोडा फरक उरला तरी हरकत नाही, कारण आता उभी रेषा स्टंपपासून न ओढता पुढचा पाय जेथे पडतो त्याच्या शेजारच्या फक्कीच्या बिंदूपासून वर ओढता येते. त्यामुळे रेषा आणि डोके जवळपास एकाच प्रतलात येतात. मधल्या-लेगवरील चेंडू आणि ऑफ स्टंपवरील चेंडू यांच्या फ्रेम वेगवेगळ्या ठेवाव्यात, आणि फक्त संपर्काची फ्रेम न थांबवता चेंडू हातातून सुटण्याची आणि पुढचा पाय टेकण्याची फ्रेमही थांबवावी.

डावखुरा यांच्या ॲपच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेले नाही. संगणकावर ‘किनोव्हिया’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर चालते. त्यात रेषा, कोन आणि जमिनीच्या प्रतलावर बसवता येणारी जाळी आहे. संथ चित्रण उघडताना ते मुळात किती फ्रेमने टिपले होते तो आकडा त्यात भरावा लागतो, अन्यथा वेळेचे सर्व हिशोब चुकतात.

नेटमागचा

सुचवल्याप्रमाणे चित्रण केले. शटर १/१००० वर ठेवले आणि ऊन असताना घेतले, त्यामुळे बॅट बऱ्यापैकी स्पष्ट आली. निष्कर्ष मला अपेक्षित नव्हते असे आहेत.

ऑफ स्टंपवरील चेंडूंना त्याचे डोके फक्कीच्या रेषेवरच आहे आणि फटक्यानंतर तो स्थिर उभा राहतो. लेग स्टंपवरील चेंडूंनाही त्याचा पुढचा पाय जवळपास त्याच जागी, ऑफ स्टंपच्या रेषेवर पडतो, डोकेही तेथेच असते, आणि त्यानंतर तो ऑफकडे एक पाऊल टाकून सावरतो. सरळबॅट यांनी सांगितलेली खूण केवळ या दुसऱ्या गटातच दिसते. दुसरी बाब अशी की, चेंडू हातातून सुटल्यापासून साधारण ६० फ्रेममध्ये त्याचा पाय टेकलेला असतो, म्हणजे पाव सेकंदात. चेंडू ताशी ९० किलोमीटरच्या आसपास होते, त्यामुळे तेव्हा चेंडूचा टप्पाही पडलेला नसतो.

तिसरी_स्लिप

मग डोक्याचा प्रश्न दुय्यम आहे. चेंडूला त्याच्यापर्यंत पोहोचण्यास सुमारे ०.७ सेकंद लागतात आणि त्यातील पहिल्या पाव सेकंदातच त्याने पाय रोवून टाकला आहे. चेंडूची रेषा कळण्यापूर्वी पाय ठरलेल्या जागी जात असल्यामुळे दोन्ही प्रकारच्या चेंडूंना पाय एकाच ठिकाणी दिसतो. एकदा शरीराचे वजन त्या पायावर आले की लेग स्टंपचा चेंडू खेळण्यासाठी त्याला पॅडच्या बाहेरून बॅट आणावीच लागते. गार्ड लेग स्टंपवर नेल्यास पाय मधल्या स्टंपच्या आसपास पडेल आणि पायचीत होण्याचे प्रमाण काही काळ कमीही होईल, पण ऑफ स्टंपच्या बाहेरच्या चेंडूला तो डावखुरा यांच्यासारखाच दूर राहील.

लहान पाऊल टाकून पायाच्या चवड्यावर थांबणे आणि रेषा दिसल्यावर उरलेले पाऊल पूर्ण करणे, हा सराव हळू थ्रोडाउनवर करून घ्यावा. थ्रोडाउन टाकणाऱ्याने ऑफ आणि लेग यांचा क्रम ठरवून टाकू नये.

सरळबॅट

पायाबाबतच्या निदानाशी सहमत आहे, उपायाशी नाही. चवड्यावर थांबण्यास सांगितल्यावर मुले दोन टप्प्यांत पाऊल टाकू लागतात आणि वेगवान गोलंदाजीसमोर अर्ध्यावर अडकतात. त्यापेक्षा पुढच्या पायाकडे लक्षच न देता त्याला लेग स्टंपवरील पूर्ण टप्प्याचे चेंडू केवळ मिड-ऑनकडे सरळ खेळण्यास द्यावेत. पाय आडवा गेला तर चेंडू तेथे जाणार नाही, हे त्याला स्वतःलाच कळते.

नेटमागचा

दोन्ही पद्धती एकाच वेळी देणे योग्य होणार नाही, म्हणून आधी मिड-ऑनचा सराव देतो आणि त्याच फक्कीच्या रेघेवर, त्याच जागेवरून पुन्हा चित्रण करतो. पाय टेकण्याची फ्रेम ६० वरून किती पुढे सरकते, ते येथे कळवीन. त्याचे वेगवान गोलंदाजीसमोरचे चित्रणही घ्यावे, की आधी थ्रोडाउनवर बदल स्थिरावू द्यावा?

तिसरी_स्लिप

दोन्हीचे घ्यावे, पण फ्रेमची तुलना एकमेकांशी करू नये. वेगवान चेंडू लवकर पोहोचत असल्याने तेथे पाय ६० व्या फ्रेमला टेकणे कदाचित अजिबात लवकर नसेल.

डावखुरा

किनोव्हिया उतरवून घेतले. माझ्या जुन्या चित्रणात कॅमेरा ऑफच्या बाजूला आहे आणि फक्कीची रेघ नाही. पाय टेकण्याची फ्रेम तरी त्यावरून मोजता येईल का?

तिसरी_स्लिप

वेळेचे मोजमाप कॅमेऱ्याच्या जागेवर अवलंबून नसते, त्यामुळे चेंडू हातातून सुटताना दिसत असेल तर नक्की येईल. पाय कोठे पडला हे मात्र त्या चित्रणावरून ठरवू नये.